‘अ’ शेअरचे चढउतार ‘ब’पेक्षा जास्त आहेत, तरी कॅपिटल अ‍ॅसेट प्रायसिंग मॉडेलने त्याचा अपेक्षित परतावा कमी का येतो?

कारण हे मॉडेल एकूण जोखमीचा मोबदला धरतच नाही. संप, फसलेलं उत्पादन ही एकट्या कंपनीची, म्हणजे अव्यवस्थित जोखीम. बरेच वेगवेगळे शेअर एकत्र ठेवले की ती जवळजवळ विरते, मग तिच्यासाठी जादा परतावा कोण देईल? मंदी किंवा व्याजदरवाढ मात्र सगळ्यांनाच गाठते. ही व्यवस्थित जोखीम बीटा मोजतो.

बीटा = बाजाराशी सहसंबंध × शेअरचं प्रमाण विचलन ÷ बाजाराचं प्रमाण विचलन

समजा, बाजाराचं विचलन 20% आहे. ‘अ’चं 40%, पण सहसंबंध फक्त 0.2, म्हणून बीटा 0.4. ‘ब’चं 25%, सहसंबंध 0.8, म्हणून बीटा 1. जोखीममुक्त दर 6% आणि बाजाराचा अपेक्षित परतावा 12% धरला, तर ‘अ’साठी 6 + 0.4 × (12 − 6) = 8.4% आणि ‘ब’साठी 12%. कंसात बाजाराचा जादा परतावाच येतो. तिथे थेट 12 लिहिण्याची चूक परीक्षेत फार होते.

एक मर्यादा: ज्याची सगळी पुंजी एकट्या ‘अ’मध्ये आहे, त्याला पूर्ण 40% चढउतार सोसावे लागतात. त्याच्यासाठी बीटा अपुरा आहे.