बाजरीवर कोणाचं चांदणं?

«ताई, माझा पहिला संग्रह छापायला जायलाय. ‘बाजरीला चांदणे बिलगून यावे’ ही ओळ ऐकून मित्र म्हणाला, हे तर महानोर! मी चोरी केलेली नाही. पाऊस येईल म्हणून आम्ही रात्रीच कणसं खुडली, त्या रात्रीवरची कविता आहे ती. आता महानोरांसारखं वाटेल ते सगळंच काढून टाकू का? – एक कवी, केज»

भाऊ, सगळं काढू नकोस. पण ही ओळ मात्र काढ.

महानोरांची ‘जोंधळ्याला चांदणे लखडून जावे’ ही ओळ आपल्याकडे अनेकांच्या तोंडात असते. तुझी ओळ तिच्याशेजारी ठेवून मोठ्यानं म्हण. दोन्हीकडे गालगागा, म्हणजे दीर्घ-लघु-दीर्घ-दीर्घ असा ठेका, तीनदा येतो. पिकाला ‘ला’ लागून ओळ सुरू होते, मग चांदणं, मग ‘-ऊन’, शेवटी ‘-आवे’ची इच्छा. यातलं एकेकटं काही कोणाच्या मालकीचं नाही. वृत्त सगळ्यांचं आहे, पीक आणि चांदणंही. पण ही सगळी एकाच ओळीत, त्याच जागी आली की तो पडसाद असतो. ओळ एका दमात, खाडाखोड न होता उतरली असेल तर संशय आणखी वाढव, जरी खरी स्वतःची ओळही कधीकधी तशीच येते.

दुसरी खूण मला जास्त महत्त्वाची वाटते. रब्बीचा जोंधळा पौष-माघात भरतो, आभाळ निरभ्र असतं, दाणा पांढरा, गोल, टपोरा. त्यावर चांदणं लागलेलं खरंच दिसतं. बाजरी खरिपाची. तिचं कणीस ताठ, दाणे बारीक, करडे, गच्च बसलेले, आणि तुमच्या डोक्यावर तर पावसाचे ढग होते. म्हणजे चांदणं तुझ्या शिवारातलं नाही, कानातलं आहे. जोंधळ्याऐवजी बाजरी घातल्यानं ते तुझं झालं नाही, आणि आता ‘बिलगून’ बदललंस तरी होणार नाही. समानार्थी शब्द घालून पडसाद जात नाही, सांगाडा तोच राहतो.

म्हणून वही मिट आणि त्या रात्री काय झालं ते साध्या गद्यात लिहून काढ. कोण पुढं होतं, उजेड कशाचा होता, बाजरीचं कूस अंगाला कुठं लागलं. मग त्यातलंच एखादं वाक्य ओळ म्हणून घे: ‘अंधारात कूस दिसत नव्हतं, मानेला कळत होतं.’ इथं गालगागा आपोआप सुटलं, ‘-आवे’ही गेलं.

महानोरांची ‘रानातल्या कविता’ 1967 साली आली. शिवारातले शब्द जसेच्या तसे कवितेत चालतात, हे तू महानोरांकडून शिकला असशील तर तो प्रभाव आहे, तो ठेव. ‘कूस’ लिहायचं धाडस त्यातूनच येतं.

बाकीच्या कविता त्याच मित्राला ऐकव. ओळ अर्ध्यावर थांबव आणि पुढचं त्याला म्हणायला सांग. त्याला दुसऱ्याच कवीचे शब्द आठवले, तर त्या ओळीवर खूण कर. एखादी ओळ तुला मुद्दाम महानोरांच्याच आठवणीत ठेवायची असेल, तर कवितेखाली त्यांचं नाव दे.