पासवर्ड नंतर मागा

प्रश्न: माझी साड्यांची छोटी वेबसाइट आहे. लोक मोबाइलवरून कार्टपर्यंत येतात आणि शेवटच्या पानावरून निघून जातात. चेकआउट सोपा कसा करू?

आधी नोंदणीची सक्ती काढा. मी बेळगावात शहापूर-वडगावच्या मागावरच्या साड्या विकतो. या सक्तीवरून माझं आणि दादाचं दोन वर्षं वाजत होतं. तो म्हणायचा, खातं उघडलं की गिऱ्हाईक आपलं झालं.

एकदा खानापूरला मावशीकडे गेलो होतो. तिला आमच्याच साइटवरून साडी घ्यायला सांगितलं आणि शेजारी गप्प बसलो. पासवर्ड ठरवण्यातच पाच मिनिटं गेली. मग तिनं पत्ता मराठीत लिहिला, तर रकाना लाल झाला, कारण तो फक्त इंग्रजी अक्षरं घ्यायचा. जिल्ह्यात Belgaum लिहिलं, तर सापडेना. यादीत फक्त Belagavi. नाव २०१४ साली बदललं, बोटांची सवय तशीच आहे. "घेईना झालंय रे हे," म्हणून तिनं फोन माझ्या हातात दिला. परकी बाई असती तर पान बंद करून गेली असती, आणि आम्ही किमतीला दोष देत बसलो असतो.

त्या रात्री पिनकोड सगळ्यात वर घेतला:

```html
<input name="pin" inputmode="numeric"
 maxlength="6" autocomplete="postal-code">
```

५९१३०२ टाकलं की साइट पिनकोडच्या यादीत बघून जिल्हा आणि राज्य आपोआप भरते. जीएसटीसाठी राज्य लागतंच, कारण निपाणीला माल गेला तर सीजीएसटी-एसजीएसटी आणि कोल्हापूरला गेला तर आयजीएसटी. पण ते गिऱ्हाइकाला विचारायची गरज नाही. गाव मात्र पिनवरून ठरवू नका, एका पिनमध्ये अनेक गावं असतात. गाव, गल्ली, जवळची खूण यांना एकच मोठा रकाना द्या, कुठल्याही लिपीत चालणारा. कुरिअरच्या चिठ्ठीसाठी इंग्रजीत आपण लिहायचं. बाकी नाव आणि मोबाइल नंबर, बस्स.

पैशांच्या पानावर आम्ही क्यूआर दाखवत होतो. ज्या फोनवर क्यूआर दिसतो त्याच फोनच्या कॅमेऱ्यानं तो स्कॅन कसा करणार? तिथं यूपीआय ॲप थेट उघडणारं बटण हवं. माणूस ॲपमधून परतेपर्यंत ब्राउझर पान नव्यानं उघडू शकतो, म्हणून कार्ट सर्व्हरवर जपा आणि पैसे आले की नाही हे वेबहुकवरून, म्हणजे पेमेंट गेटवे आपल्या सर्व्हरला थेट पाठवतो त्या निरोपावरून, ठरवा. नाहीतर लोक दोनदा भरतात.

एक राहिलं: खातं नसलं की कॅश ऑन डिलिव्हरीच्या खोट्या ऑर्डरी येऊ शकतात. ओटीपी तेवढ्यापुरता ठेवा.

आणि दादासाठी: ऑर्डर झाल्यावर, धन्यवादाच्या पानावर, "हाच नंबर ठेवून खातं उघडू का?" असं विचारता येतं. मावशीनं तिथं हो म्हटलं. मोबाइल नंबर आपल्याकडे आहे, पत्ता आहे, साडी पोचलेली आहे. गिऱ्हाईक आपलं व्हायला आणखी काय लागतं, ते त्यानं मला अजून सांगितलेलं नाही.