अॅडव्हान्स, डिपॉझिट आणि आगाऊ भाडं : गाळ्याच्या मालकानं कधी काय दाखवायचं?

प्रश्न : खडेबाजारजवळ आमचा एक गाळा आहे, जानेवारी 2025 पासून एका कंपनीला 60 हजार भाड्यानं दिलाय. त्यांनी 6 लाख अॅडव्हान्स आणि 6 महिन्यांचं भाडं एकदमच दिलं. हे सगळं 2024-25 याच आर्थिक वर्षाचं उत्पन्न धरायचं काय? टीडीएस दाखवणाऱ्या 26एएस स्टेटमेंटमध्ये पण भाडं 3 लाख 60 हजार दिसतंय.

उत्तर :

नाही, सगळं नाही. 6 लाखातला एक रुपया पण उत्पन्न नाही, आणि 3 लाख 60 हजारातलं निम्मंच या वर्षाचं. पण त्याआधी तुमचं अॅग्रीमेंट काढून एकदा वाचा, कारण आपल्या बेळगावात घोळ होतो तो बहुतेक वेळा "अॅडव्हान्स" या शब्दानंच. आपण डिपॉझिटलाच अॅडव्हान्स म्हणतो, "दहा महिन्याचा अॅडव्हान्स घेतला" म्हणजे परत द्यायचे पैसे असंच इथं सगळ्यांना कळतं, पण टॅक्सच्या भाषेत अॅडव्हान्स म्हणजे आगाऊ भाडं, ते परत द्यायचं नसतं, ते महिन्यामहिन्यानं जिरतं. कन्नडात अॅग्रीमेंट टाइप केलेलं असेल तर बघा "ठेवणी" लिहिलंय का "मुंगड हण". ठेवणी म्हणजे आपली ठेव, मुंगड म्हणजे आगाऊ. टाइप करणारा सवयीनं मुंगड घालतो आणि आपण सही करून मोकळे होतो.

आमच्या घरी हेच झालं होतं म्हणून एवढं सांगतोय. बाबांच्या गाळ्याच्या अॅग्रीमेंटमध्ये नुसतं "अॅडव्हान्स" होतं, परत देण्याचं वाक्यच नव्हतं. भाडेकरूच्या अकाउंटंटनं त्या सगळ्या रकमेवर टीडीएस कापला आणि आमचं रिटर्न भरणाऱ्यानं 26एएस बघून तेवढं सगळं भाडं म्हणून दाखवलं. बाबांना जे पैसे पुढं परत द्यायचे होते त्यावरच टॅक्स भरायला लागला. नशीब की डिसेंबर संपायच्या आत लक्षात आलं आणि रिवाइज्ड रिटर्न भरता आलं. तेव्हापासून आमची आणि ओळखीच्यांची भाड्याची रिटर्न मीच बघतो.

आता तुमचं बघू. 6 लाख गाळा रिकामा केल्यावर परत द्यायचे असतील तर ते तुमच्यावरचं देणं आहे, उत्पन्न नाही. खात्यात आले म्हणून कमाई होत नाही. त्यावर टीडीएस पण कापायचा नसतो, प्रत्यक्ष कर मंडळानं म्हणजे सीबीडीटीनं 1995 च्या 718 नंबरच्या सर्क्युलरमध्ये सरळ म्हटलंय की डिपॉझिट परत मिळणारं असेल तर टीडीएस नाही, परत न मिळणारं असेल तर तो जागा वापरण्याचाच मोबदला म्हणून कापायचा. तेव्हा खात्यात किती जमा झालं ते मोजा. 6 लाख पूर्ण, आणि भाड्यातून 10 टक्के म्हणजे 36 हजार कापून 3 लाख 24 हजार, मिळून 9 लाख 24 हजार आले असतील तर बरोबर आहे. 60 हजार आणखी कमी आले असतील तर त्यांनी डिपॉझिटवर पण कापलाय, लगेच त्यांच्या अकाउंट्सवाल्याला फोन करून टीडीएस रिटर्न दुरुस्त करायला सांगा, तुमच्या रिटर्नमध्ये ते निस्तरणं अवघड जातं.

मग आगाऊ भाडं. गाळ्याचं भाडं घरभाड्यासारखंच हाउस प्रॉपर्टीत येतं, आणि तिथं हिशोब असतो त्या आर्थिक वर्षाच्या भाड्याचा, हातात कधी आलं त्याचा नाही. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हे तीन महिने म्हणजे 1 लाख 80 हजार 2024-25 चं, एप्रिल ते जूनचे 1 लाख 80 हजार पुढच्या वर्षाचं. आधीचे नऊ महिने गाळा भाड्यानं द्यायला ठेवलेला पण रिकामाच होता असं मी धरतोय, म्हणजे त्या महिन्यांचं भाडं शून्य. त्या वर्षात महापालिकेची घरपट्टी तुम्ही स्वतः समजा 10 हजार भरली, तर उरले 1 लाख 70 हजार, त्याच्या 30 टक्के म्हणजे 51 हजार खर्चापोटी आपोआप वजा होतात, पावत्या लागत नाहीत. टॅक्सला येतात 1 लाख 19 हजार. बस एवढंच.

खरी चूक इथून पुढं होते, टीडीएसमध्ये. भाडेकरूनं पैसे देताना सगळ्या सहा महिन्यांवर कापला म्हणून 26एएस मध्ये 36 हजार दिसतात, आणि माणूस म्हणतो चला सगळे क्लेम करूया. तसं करू नका. नियम 37बीए असं सांगतो की ज्या वर्षात उत्पन्न दाखवलं त्या वर्षात, त्या प्रमाणातच टीडीएसचं क्रेडिट. म्हणजे या वर्षी 18 हजार, उरलेले 18 हजार पुढं न्यायचे. आयटीआर-2 च्या टीडीएस शेड्यूलमध्ये पुढं नेण्याचा वेगळा कॉलम आहे, तिथं ते घाला. टॅक्सच्या पोर्टलवर तुमच्या कमाईची माहिती दाखवणारं एआयएस असतं, त्यात त्या एंट्रीवर ही माहिती दुसऱ्या वर्षाची आहे असा फीडबॅक पण देता येतो, देऊन ठेवा.

आणि पुढच्या वर्षी हे विसरू नका. 2025-26 मध्ये तुमचं भाडं धरायचं पूर्ण 7 लाख 20 हजार, पण 26एएस मध्ये दिसणार फक्त जुलै ते मार्चचे 5 लाख 40 हजार आणि टीडीएस 54 हजार, कारण पहिले तीन महिने आधीच येऊन गेले. 26एएस बघून भाडं भरलं तर 1 लाख 80 हजार दोन्ही वर्षांतून गायब होतील, मग नोटीस आली तर काय सांगणार? 54 हजार अधिक मागून आणलेले 18 हजार म्हणजे 72 हजार, आणि 7 लाख 20 हजाराचे 10 टक्के पण 72 हजार. हा आकडा जुळला की समजा दोन्ही वर्षांचं बरोबर बसलं.

डिपॉझिट शेवटपर्यंत डिपॉझिटच राहील असं मात्र नाही. जाताना भाडेकरू म्हणतो शेवटच्या तीन महिन्यांचं भाडं अॅडव्हान्समधनं वळतं करून घ्या, आपल्याकडं सर्रास चालतं हे. त्या दिवशी 1 लाख 80 हजार डिपॉझिटचं भाडं झालं, ते ज्या महिन्यांचं आहे त्या वर्षात दाखवायचं, आणि परत द्यायचे राहिले 4 लाख 20 हजार. खात्यात नवीन काही जमा होत नाही म्हणून हे भाडं बरेच जण दाखवायचंच विसरतात. वळतं करताना भाडेकरूनं त्यावर टीडीएस पण भरायला पाहिजे, त्याला आठवण करून द्या.

त्या 6 लाखांची एफडी केली असेल तर तिचं व्याज तुमचं उत्पन्न, ते वेगळं इतर उत्पन्नात येतं. डिपॉझिट बिनव्याजी आहे म्हणून काल्पनिक व्याज मिळालेल्या भाड्यात धरत नाहीत, मुंबई हायकोर्टानं जे. के. इन्व्हेस्टर्सच्या केसमध्ये तेच म्हटलंय. फक्त डिपॉझिट प्रचंड आणि भाडं नावाला, किंवा आपल्याकडं "लीजवर" देतात तसं भाडंच नाही, असं असेल तर त्या जागेला बाजारात किती भाडं आलं असतं ते अधिकारी बघू शकतो. तुमचं 60 हजार भाडं आणि दहा महिन्यांचं डिपॉझिट, त्यात तसं काही दिसत नाही.

अॅग्रीमेंटमध्ये परत देण्याचं वाक्य नसेल तर आत्ताच एक पुरवणी करार करून घ्या, त्यात लिहा की 6 लाख ही बिनव्याजी परतीची ठेव आहे, गाळ्याचा ताबा दिल्यावर परत द्यायची, आणि 3 लाख 60 हजार हे जानेवारी ते जून 2025 चं भाडं. दोन रकमा, दोन वेगळी वाक्यं.