समुद्र नसलेल्या देशाने व्यापारमार्ग कसे ठरवावेत?

प्रश्न: नेपाळसारख्या समुद्र नसलेल्या देशाने बंदरापर्यंतचे मार्ग कसे ठरवावेत? रेल्वे, रस्ता की नदी? आणि एकाच शेजाऱ्यावर अवलंबून राहणं टाळता येतं का?

उत्तर: मी इंदूरला क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या धंद्यात आहे. पीथमपूरच्या कारखान्यांचा माल टिहीच्या ड्राय पोर्टवरून, म्हणजे समुद्रापासून दूरच्या कंटेनर डेपोवरून, न्हावा शेवाला जातो. समुद्र आम्हालाही लांबच, पण वाटेत दुसरा देश लागत नाही. नेपाळची अडचण किलोमीटरपेक्षा तिथे जास्त आहे, म्हणून मी आधी दिवस मोजतो आणि भाडं नंतर.

नेपाळचा मुख्य मार्ग कोलकाता-रक्सौल-वीरगंज, सुमारे 700 किलोमीटर. सीमेवर रक्सौल भारताच्या बाजूला, वीरगंज नेपाळच्या. वीरगंजजवळ सिर्सियाला रेल्वेने जोडलेलं ड्राय पोर्ट 2004 पासून चालू आहे. आता एका कंटेनरचा हिशेब करू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. शिपिंग लाइन 14 दिवस फुकट देते, त्यानंतर कंटेनर ठेवून घेतल्याचं रोजचं भाडं, म्हणजे डिटेन्शन लागतं. कोलकात्यात उतरवणं आणि कस्टमची कागदपत्रं 5 दिवस, रेक म्हणजे अख्खी मालगाडी भरेपर्यंत 3, प्रवास 3, वीरगंजला सोडवणूक 3, रिकामा कंटेनर कोलकात्याला परत 4. झाले 18, म्हणजे 4 दिवसांचं डिटेन्शन. ट्रेलरने पाठवला तर रेकची वाट बघायला नको, 3 दिवस वाचतात, तरी 15 होतातच. पण कोलकात्यातले 5 दिवस 1 वर आणले, तर रेल्वेनेच 14 दिवसांत काम होतं.

ही शक्यता कागदावरची नाही. भारतीय कस्टमला भीती असायची की नेपाळचा माल वाटेतच भारतात विकला जाईल. त्यामुळे कोलकात्यातच कागदपत्रांची लांब साखळी होती. आता कंटेनरला इलेक्ट्रॉनिक सील लागतं, ते वाटेत उघडलं तर कळतं, आणि नेपाळी आयातदाराची कस्टमची मुख्य कामं वीरगंजला होतात. 2017 पासून चाचणी आणि मग नियमित वापर अशी ही व्यवस्था आली. नवा रूळ टाकण्याआधी हे करायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

परतीचा फेरा वेगळा बघा. नेपाळची आयात निर्यातीच्या कितीतरी पट आहे, त्यामुळे बहुतेक कंटेनर रिकामेच परत जातात आणि तो खर्चही आयात मालावरच बसतो. रेल्वेच्या एका रेकमध्ये 20 फुटी 90 कंटेनर बसतात. तेवढा माल एकदम जमत नसेल, तर ठरलेल्या दिवशी सुटणारी गाडी अर्धी भरली तरी सोडणं वीरगंजच्या आयातदाराला परवडतं, पण रेल्वे कंपनीला नाही. हे कोण सोसणार, ते करारातच लिहावं लागतं. 2021 पर्यंत नेपाळच्या कंटेनर गाड्या एकच सरकारी कंपनी चालवायची. त्या वर्षी इतर परवानाधारकांनाही मुभा मिळाली, हे फार महत्त्वाचं झालं.

नदी मला इथे फक्त अवजड, घाई नसलेल्या मालासाठी पटते. हल्दियाहून गंगेने बिहारमधल्या कालूघाटपर्यंत न्यायचं आणि पुढे ट्रक. एक जादा चढ-उतार आणि उन्हाळ्यात पाण्याची खोली कमी. जलविद्युत प्रकल्पाचा मोठा ट्रान्सफॉर्मर असेल, जो रस्त्याने नेताना पुलापुलाची परवानगी लागते, तर मात्र जहाज खरंच उपयोगी.

आता दुसरा मार्ग. कोलकात्याला मोठी जहाजं येत नाहीत, हुगळीची खोली आड येते, माल कोलंबो किंवा सिंगापूरला छोट्या जहाजावर चढतो. विशाखापट्टणम खोल आहे, म्हणून 2016 नंतर नेपाळने तेही घेतलं. पण दोन्ही बंदरांच्या गाड्या शेवटी रक्सौललाच येतात. सप्टेंबर 2015 ते फेब्रुवारी 2016 वीरगंजचं नाकं अडलं, तेव्हा बंदर कुठलं हे गौण होतं. आणि 1989 मध्ये भारत-नेपाळ व्यापार-वाहतुकीचा करार संपल्यावर भारताने बहुतेक नाकी बंद केली, तेव्हा एखादं जास्तीचं नाकंही वाचवू शकलं नाही. बिहारमधल्या बथनाहाहून विराटनगरकडे जाणारी मालगाडी 2023 ला सुरू झाली. ती रक्सौलच्या कोंडीवर उपाय आहे, दिल्लीशी बिनसलं तर नाही.

म्हणून चीन. 2016 चा करार आणि 2019 चा प्रोटोकॉल तियानजिनसकट चार बंदरं देतो, पण तियानजिन 3000 किलोमीटरहून लांब, शेवटचा टप्पा दरडींचा. 2015 च्या भूकंपानंतर चीनच्या सीमेवरचं तातोपानी नाकं 2019 पर्यंत बंद होतं. जुलै 2025 च्या पुरात त्याच सीमेवरच्या रसुवागढीचा पूल वाहून गेला. रोजच्या मालासाठी तो मार्ग मी नाही सुचवणार. चीनमधूनच येणारा माल मात्र मुद्दाम तिकडून आणत राहावा, म्हणजे तिथले एजंट, गोदामं आणि कस्टमची माणसं सवयीत राहतील. इंधन आणि औषधांचा साठा देशात ठेवावा, तो किती दिवसांचा हे 2015-16 च्या त्या महिन्यांवरून ठरवावं.