लपव ते उत्तर, कुकर नव्हे

प्रिय मित्रा,

नव्या कुकरच्या लाँचआधीच्या टीझरचा तुझा दहा दिवसांचा आराखडा नीट वाचला. पहिले चार दिवस काळा पडदा आणि वाफ, मग झाकणाची नुसती कड, मग शिट्टीचा आवाज, आणि कोपऱ्यात रोज लाल आकडा, दहापासून एकपर्यंत. खाली तू लिहिलं आहेस, ‘किती दाखवायचं आणि किती झाकायचं, तेच ठरत नाहीये.’ ठरणार कसं? तू भलतीच गोष्ट झाकायला निघाला आहेस.

लपवायचं ते उत्तर. कुकर लपवायचा नाही.

या दहा दिवसांत कुकर घ्यायला निघालेली माणसं कोण असतात, ते आधी बघ. कुणाची रिंग बदलूनही वाफ गळते आहे, कुणाच्या कुकरची दांडी ढिली झाली आहे, कुणाच्या घरात माणसं वाढल्यामुळे तीन लिटरचा पुरत नाही. हौस म्हणून कुकर घेणारे फार थोडे. अडचण येते, तेव्हा लोक दुकानात जातात, आणि एकदा घेतला की पुढची कित्येक वर्षं तिकडे फिरकत नाहीत. त्यामुळे टीझरचं पहिलं काम उत्सुकता वाढवणं हे नाहीच. या आठवड्यात दुसऱ्याच कंपनीचा कुकर घेऊन टाकणाऱ्याला थांबवणं, हे त्याचं काम. तो काळ्या पडद्यासाठी थांबेल का? कुकर येतोय, दोन, तीन आणि पाच लिटरमध्ये येतोय, इंडक्शनवर चालतो आणि अमुक तारखेला मिळेल, एवढं कळलं तरच तो थांबेल. म्हणून हे सगळं पहिल्याच दिवशी सांगून टाक.

‘मग लपवायला उरलं काय?’ असं तू विचारशील. उरला फेस!

तुमच्या या कुकरमध्ये खरोखर नवीन एकच गोष्ट आहे, ती म्हणजे झाकण. डाळी, कडधान्यं शिजताना पिठूळ फेस वर चढतो. वाफ त्याला शिट्टीच्या नळीतून बाहेर ढकलते, आणि तो झाकणावरून ओघळत शेगडीवर येतो. तुमचं झाकण मध्ये खोलगट आहे, कडेला उंच काठ आहे, म्हणून फेस तिथेच अडतो. शेगडी पुसून कंटाळलेल्या माणसाला यापलीकडे काही ऐकायचं नाही. हेच तुझं उत्तर आहे आणि थोडे दिवस लपवायचं ते हेच.

दिवस लाँचपासून उलटे मोज. दहाव्या दिवशी, म्हणजे सुरुवातीलाच, घोषणा. नवव्या दिवशी साध्या कुकरवरून ओघळणारा फेस आणि बरबटलेली शेगडी. आठव्या दिवशी तुमचा कुकर, तेवढाच ऐवज, तेवढीच आच, शेगडी कोरडी. पण कॅमेरा झाकणाच्या वर जाऊ देऊ नकोस. सातव्या दिवशी सरळ विचार, फेस गेला कुठे? लोकांना अंदाज बांधू दे. सहावा दिवस मोकळा ठेव, त्याबद्दल खाली लिहिते. पाचव्या दिवशी कॅमेरा वर ने आणि झाकण दाखव.

हो, पाचव्याच दिवशी. लाँचपर्यंत ताणू नकोस. कुकर घ्यायचा की नाही, हे घरात बोलून ठरतं, आणि त्या बोलण्याला वेळ लागतो. चौथ्या दिवशी कोणत्या घराला किती लिटर, ते दाखव. आकडे फक्त तीन, दोन, एक. दहापासून मोजत बसलास तर सातपर्यंत त्या आकड्याकडे कुणी बघणार नाही, कारण तो काहीच सांगत नसतो. शेवटच्या तीन दिवसांत आकड्यासोबत कुठे मिळेल, किती वाजता मिळेल आणि जादा रिंग व सेफ्टी व्हॉल्व्ह कुठे मिळतील, हे सांग. किंमत लाँचच्या सकाळी सांगायची असेल तर तसं आधीच जाहीर कर, म्हणजे विचारणाऱ्याला टोलवाटोलवी वाटणार नाही.

आता चित्रीकरण. इथे मला राग येतो, तो समजून घे. तू लिहिलं आहेस, ‘झाकण उघडताच वाफेचा लोट.’ अरे, आत दाब असताना ज्याचं झाकण उघडतं, तो कुकर सदोष! तू स्वतःच्या मालाचा दोष सुंदर प्रकाशात दाखवायला निघाला आहेस. शिवाय ज्यांनी कधी सेफ्टी व्हॉल्व्ह उडताना पाहिला आहे, ते अशा लोटाला आणि धडाम आवाजाला दचकतात. दाब सुटू दे, मग झाकण काढ.

वाफेसाठी कोरडा बर्फही नको. त्याचं धुकं थंड आणि जड असतं, ते खाली उतरतं. कुकरची वाफ वर जाते. बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण खोटेपणा जाणवेल. खरी वाफच घे. नळीच्या तोंडाशी ती दिसत नाही, जरा वर गार होऊन तिचे थेंब झाले की पांढरी दिसते. मागे गडद पडदा आणि मागून दिवा, एवढं पुरतं.

फेसाचा प्रसंग मात्र एका सलग शॉटमध्ये, कट न मारता. जास्त फेस यावा म्हणून साधा कुकर काठोकाठ भरायचा मोह होईल. भरू नकोस. एरवी दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही आणि फेसाळणारं काही असेल तर अर्ध्याच्या वर नाही, हे तुमच्याच पुस्तिकेत छापलेलं असेल. तुलनेत लबाडी केलीस तर ज्यांना कुकर कळतो तेच पहिले बोट ठेवतील, आणि मग झाकणाचा खरा गुणही कुणी मानणार नाही.

मी हे एका कंपनीत जीव तोडून सांगितलं होतं. तिथे सावलीतला आकार दाखवायचं आधीच ठरलं होतं आणि मला जुन्या वळणाची म्हणाले. जाहिरात देखणी झाली, पण खाली प्रश्न एकच, ‘हे आहे तरी काय?’ विक्रेत्यांनाही सांगता येईना. मी त्या बैठकीनंतर गप्प बसले, लेखी विरोध नोंदवला नाही, याची खंत आहे. तेव्हापासून या बाबतीत कुणी मला हट्टी म्हटलं तरी चालतं. लपवायचं ते उत्तर, कुकर नव्हे, हे मी प्रत्येक बैठकीत म्हणते आणि म्हणत राहीन.

बरोबर चाललंय की नाही, हे तुला सुरुवातीच्या तीन दिवसांतच प्रश्नांवरून कळेल. ‘माझ्या इंडक्शनवर बसेल का?’, ‘पाच लिटरचा किती उंच?’ असं विचारू लागले तर माणसं थांबली आहेत. ‘काय आहे?’ असं विचारत असतील तर दिवस वाया गेले. मध्यावर बघणारे कमी होतील, हे धरूनच चाल. तेव्हा घाबरून सवलत जाहीर करायची नाही. सहावा दिवस त्याचसाठी मोकळा ठेवला आहे. आलेल्या प्रश्नांतले दोन-तीन निवडून कुकर हातात घेऊन उत्तरं दे.

एक गोष्ट मात्र या दहा दिवसांच्या आधीची. दुकानदारांकडे जुना माल पडला आहे, आणि तुझ्या घोषणेनंतर तो कुणी उचलणार नाही. त्यांना ही बातमी गिऱ्हाइकाकडून कळली तर ते नवा कुकर मागच्या फळीवर ठेवतील. त्यांना आधी सांग, जुन्या मालाचं काय करायचं ते ठरव, आणि नवा माल गोदामात आलेला स्वतः बघ. ‘वाटेत आहे’ यावर तारीख देऊ नकोस.

गोदामातून माल आल्याचं कळेपर्यंत पहिला टीझर थांबवून ठेव. तोवर नवव्या आणि आठव्या दिवसाचं चित्रीकरण करून मला पाठव, आवाज न घालता.