काळ्या पाइपाचं शेल्फ: एल्बो घट्टही हवा आणि सरळही

प्रश्न: अर्धा इंची काळ्या लोखंडी पाइपाचं दोन फळ्यांचं शेल्फ करतोय. एल्बो घट्ट केला की भलतीकडे वळतो, सरळ आणला की ढिला राहतो. शिवाय दोन्ही फ्लँज भिंतीला लावल्यावर मधला पाइप आवळायचा कसा?

उत्तर: तो पाइप भिंतीवर आवळताच येत नाही. त्याच्या दोन्ही टोकांना उजवेच आटे असतात. फिरवला की एक टोक घट्ट होतं आणि दुसरं तेवढंच सैल होतं. म्हणून अख्खी चौकट जमिनीवर आवळायची, फ्लँजसकट, आणि मग भिंतीवर नेऊन भोकं आखायची. आधी भोकं पाडून नंतर पाइप जुळवायला गेलात तर हमखास फसतं.

तुमची चौकट इंग्रजी सी अक्षरासारखी आहे असं धरतो: वर फ्लँज, ३० सेंटीमीटरचा आडवा पाइप, एल्बो, ४० सेंटीमीटरचा उभा पाइप, परत एल्बो, आडवा पाइप, फ्लँज. पाइपाचे आटे टोकाकडे निमुळते असतात. काही वेढे हाताने जातात, मग एकदम जड होतं, आणि तिथून पुढे पान्याने साधारण एक ते दोन वेढे. या टप्प्यात एल्बो बरोबर दिशेला येईपर्यंत फक्त पुढेच फिरवायचा. किंचित पुढे गेला म्हणून मागे घेतलात की निमुळत्या आट्यांची पकड सुटते. नळात तिथून पाणी गळतं, शेल्फात पाइप डुगडुगतो. पुढचा वेढा पुरा होण्याआधीच पाना अडला तर जबरदस्ती करू नका. पाइपाचं टोक बदलून पाहा, किंवा दुसरा एल्बो लावा. प्रत्येक एल्बोचे आटे थोडे वेगळ्या जागी अडतात, त्यामुळे बऱ्याचदा एवढ्यानेच जमतं. नाहीच जमलं तर दुकानदाराकडून त्या टोकावर डाय अर्धा वेढा आणखी चालवून घ्या. टेफ्लॉन टेप इथे नको. पाणी अडवायचं नाहीये, आणि टेपमुळे सांधा सहज फिरतो, जे आपल्याला अजिबात नकोय.

आवळताना पाने दोन घ्या, एक धरायला आणि एक फिरवायला. आधी उभा पाइप आणि दोन एल्बो. मग आडवे पाइप घट्ट बसवून चौकट फरशीवर आडवी ठेवा. दोन्ही आडवे पाइप एकाच वेळी फरशीला टेकले पाहिजेत. एक अधांतरी राहिला तर एल्बो एका रेषेत नाहीत, आणि आडव्या पाइपाचाच दांडा करून ते दुरुस्त करता येतं. फ्लँज सगळ्यात शेवटी. त्यांची भोकं कुठल्या कोनात थांबतील याची फार चिंता नको, पण वरच्या फ्लँजची दोन भोकं वर येतील असं साधलं तर उत्तम, कारण ओढ तिथेच असते.

ओढ किती? ढोबळ हिशेब करू. नुसता एक आडवा पाइप भिंतीतून बाहेर आलाय आणि १५ किलो वजन भिंतीपासून १५ सेंटीमीटरवर आहे. वरचे स्क्रू आणि फ्लँजची खालची कड यांत जेमतेम ६ सेंटीमीटर अंतर, म्हणजे वरच्या स्क्रूंवर ३७-३८ किलोची ओढ. तुमच्या सी चौकटीवर दोन फळ्यांचं मिळून ३० किलो असलं तरी दोन फ्लँजमध्ये ४० सेंटीमीटर आहेत, त्यामुळे ओढ ११ किलोच्या आसपास येते. अट एवढीच की एल्बोचे सांधे घट्ट हवेत. ते ढिले असले तर प्रत्येक आडवा पाइप एकटाच लटकतो आणि पहिला हिशेब लागू होतो.

भिंतीवर चौकट लेव्हलने उभी धरून वरच्या फ्लँजचं एकच भोक आखा, पाडा, स्क्रू अर्धवट लावा, पुन्हा लेव्हल पाहा आणि मग बाकीची आखा. ड्रिलमधून काय पडतंय ते बघा. लाल भुकटी म्हणजे वीट: ८ मिलिमीटरची गिट्टी आणि निदान दोन इंची स्क्रू, कारण वरचा गिलावा काहीच धरत नाही, गिट्टी विटेतच बसली पाहिजे. पांढरी, मऊ भुकटी म्हणजे हलके ब्लॉक, हल्लीच्या बऱ्याच इमारतींत असतात. तिथे हॅमर बंद ठेवून भोक पाडा आणि त्या ब्लॉकसाठी मिळणारी लांब नायलॉनची गिट्टी घ्या, साधी काही महिन्यांत सैल होते. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली भोक नको, वायर तिथूनच गेलेली असते.

स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा. एखादा फ्लँज भिंतीपासून २-३ मिलिमीटर दूर राहिला तर स्क्रूच्या जोरावर ओढून आणू नका. बिडाचा फ्लँज वाकत नाही, तडकतो. मागे वॉशर सरकवा.

पाइप अजून घेतला नसेल तर निळ्या पट्ट्याचा, म्हणजे बी क्लास घ्या. पिवळ्या पट्ट्याच्या अर्धा इंची पाइपाची जाडी २ मिलिमीटर असते. आटे पाडताना त्यातले एक मिलिमीटरहून जास्त जातात, आणि उरलेला पत्रा नेमका सांध्यावर, जिथे सगळा ताण येतो तिथेच असतो.