गाडीत बाळ झोपलं आणि रात्री ‘दूध पुरत नाही’ झालं

“मॅडम, माझी मुलगी साडेचार महिन्यांची आहे, फक्त अंगावरचं दूध पिते. गणपतीला सासरी जायचंय, पुण्याहून गुहागरजवळच्या गावी, गाडीने, पाच रात्रींसाठी. तिच्या झोपेच्या वेळा आत्ता कुठे बसल्यात. वाटेत पाजायचं कुठे आणि किती वेळा? घरी विहिरीचं पाणी आहे, फ्रिज नाही, वीज जाते-येते. वेळा बिघडल्या तर दूध कमी होईल का? बाटलीत काढून नेऊ का?”

ताई, दोन वर्षांपूर्वी याच रस्त्याने गेलेल्या एका आईची गोष्ट तुम्हाला सांगते. तिला आपण स्मिता म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाळ पाच महिन्यांचं, तेही फक्त अंगावर पिणारं. गणेशचतुर्थीच्या आदल्या सकाळी पुण्याहून निघाले आणि चतुर्थीच्या पहाटे साडेसहाला मला तिचा फोन आला. आवाज रडवेला होता. “रात्रभर दर तासाला उठतोय. सगळे म्हणतात दूध पुरत नाही. गाईच्या दुधात पाणी घालून द्यायचं ठरलंय. देऊ का?”

मी तिला दुधाबद्दल काही विचारलंच नाही. आधी विचारलं, काल दिवसभरात बाळ किती वेळा प्यालं?

तिने आठवून सांगितलं. निघताना सहाला प्यालं. गाडी सुरू झाल्यावर झोपलं ते थेट पाटणपर्यंत. झोपलंय तर झोपू दे, तेवढंच अंतर कापून होईल, म्हणून कुणी गाडी थांबवली नाही. पाटणला थोडं प्यालं, पण हॉटेलात गर्दी होती, स्मिताला अवघडल्यासारखं झालं, पाच मिनिटांत आटोपलं. कुंभार्ली घाट उतरताना ते पुन्हा झोपलं. चिपळूणला ट्रॅफिक होतं, म्हणून न थांबता पुढे गेले. घरी पोचल्यावर बाळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर फिरत राहिलं. एरवी दिवसात सात-आठ वेळा पिणारं बाळ त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तीनदाच प्यालं होतं, त्यातलं एकदा अर्धवट.

दिवसा राहिलेलं दूध बाळ रात्री मागत होतं. त्यात दिवसाची झोपही भरपूर झालेली, त्यामुळे रात्री ते टक्क जागं. दूध आटलं नव्हतं, बाळाने दिवसाची रात्र केली होती. प्रवासातून आलेल्या आया मला सगळ्यात जास्त सांगतात ती तक्रार हीच असते, आणि वरच्या दुधाची पहिली वाटी बहुतेक वेळा अशाच रात्री घरात येते.

मग हे ओळखायचं कसं? लंगोटावरून. अंगावर पिणारं बाळ २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा शू करत असेल, शू फिकी असेल, तर त्याला दूध पुरतंय. स्मिताने बाळाला डायपर घातला होता, त्यामुळे मोजणं अवघड होतं. मी सांगितलं, आजचा दिवस सुती लंगोट बांध आणि मोज. घरच्यांना समोर बसवून मोज. चतुर्थीच्या रात्रीपर्यंत सात झाले. गाईचं दूध आणलेलं भांडं तसंच परत गेलं.

दुसरी गोष्ट तिच्या छातीची. इतके तास दूध न काढल्याने एक बाजू दगडासारखी घट्ट झाली होती, हात लावला तरी दुखत होती. छाती भरलेली राहिली की शरीराला निरोप जातो, इतकं दूध नको. म्हणून दूध खरंच कमी व्हायचं असेल तर ते झोपेच्या वेळा बिघडल्याने होत नाही, पाजण्याच्या फेऱ्या गळल्याने होतं. तिला सांगितलं, आधी हाताने थोडं दूध काढून मऊ कर, मग बाळाला लाव, कारण घट्ट छाती बाळाच्या तोंडात नीट बसत नाही. दर दोन तासांनी पाज, खोलीत बाळ आणि तू दोघंच. छातीवर लाल चट्टा आणि ताप आला असता तर मी तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं असतं. तसं झालं नाही. तिसऱ्या रात्री बाळ दोनदाच उठलं.

आता तुमचा प्रवास. किलोमीटरवर आखू नका, पाजण्यावर आखा. पहाटे पाचला घरी पोटभर पाजून साडेपाचला निघा. बाळ गाडीत झोपेल. पहिला थांबा साताऱ्याच्या आसपास, साधारण साडेसातला. झोपलेली असली तरी थांबा. सीटवरून उचला, दुपट्यावर सपाट निजवा, डायपर बदला. तेवढ्याने बहुतेक बाळं जागी होऊन पितात. यामागे दुधाशिवाय आणखी एक कारण आहे. गाडीच्या सीटमध्ये लहान बाळाची हनुवटी छातीवर टेकून श्वासाची वाट अरुंद होऊ शकते, म्हणून सलग दोन तासांहून जास्त त्यात ठेवू नये. दुसरा थांबा पाटणला, दहाच्या आत. तिथे पाजल्यावर ढेकर काढून पंधरा-वीस मिनिटं उभी धरा, मगच कोयनानगरच्या दिशेने निघा. भरल्या पोटी लगेच घाटाची वळणं लागली की दूध बाहेर येतं, आणि घाटात हवं तिथे थांबता येत नाही. तिसरा चिपळूणला, जेवणासकट तासभर. गुहागरला पोचायला दोन-अडीच होतील. एकूण नऊ तास. गुगल मॅप बरेच कमी सांगेल, पण त्यात बाळ धरलेलं नसतं.

प्रत्येक थांब्याला चाळीस मिनिटं धरा. जागा म्हणाल तर मला स्वतःला हॉटेलच्या टेबलापेक्षा सावलीत उभी केलेली आपलीच गाडी बरी वाटते. मागच्या सीटवर बसा, काचेला ओढणी अडकवा, इतरांना चहाला पाठवा. तुम्ही स्वतः प्रत्येक थांब्यावर पाणी प्या. वाटेत स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून पाणी टाळणाऱ्या आया मी पाहिल्यात. संध्याकाळपर्यंत त्यांचं डोकं दुखतं, गळून जातात. चालत्या गाडीत मात्र पाजू नका. बाळ रडलं की मांडीवर घ्यावंसं वाटतं, मला कळतं. पण ब्रेक लागला तर कोणत्याही आईचे हात बाळाला धरून ठेवू शकत नाहीत. बाळ मागच्या सीटवर, मागे तोंड केलेल्या बेबी सीटमध्येच हवं.

बाटली नेऊ नका. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. भाद्रपदातल्या कोकणातल्या खोलीत त्याहून कमीच धरा. फ्रिज नाही, वीज बेभरवशाची, बाटली-निपल धुवायला आणि उकळायला पुन्हा एक माणूस. तुमचं दूध तुमच्या अंगात सगळ्यात सुरक्षित आहे. पूजेच्या गडबडीत एखाद्या वेळी काढून ठेवावंच लागलं, तर स्टीलची वाटी आणि चमचा दहा मिनिटं उकळा, हाताने दूध काढा आणि दोनेक तासांत संपवा. सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी नको, उकाडा असला तरी. विहिरीच्या पाण्याची तुमची चिंता त्यामुळे अंघोळीपुरती उरते. मध आणि घुटी कुणी प्रेमाने पुढे केली तर “डॉक्टरांनी बंद सांगितलंय” असं म्हणा. मध वर्षाच्या आत चाटवायचाच नाही, त्यातून क्वचित पण गंभीर विषबाधा होते.

सामानात स्मिताची एक चूक मोठी होती. तिने वीस सुती लंगोट नेले आणि डायपर फक्त प्रवासापुरते. भाद्रपदात कोकणात कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. तिसऱ्या दिवशी पडवीतल्या दोरीवर सगळे दमट लंगोट आणि बाळाच्या जांघेत लाल पुरळ. तुम्ही रात्री आणि प्रवासाला डायपर, दिवसा लंगोट असं ठेवा. पाच रात्री आणि दोन प्रवास धरून पंचवीस डायपर, पंधरा लंगोट, आठ दुपटी. दमट वाटलेला लंगोट इस्त्री फिरवल्याशिवाय बांधू नका. वापरलेले डायपर गावात टाकायला जागा नसते. ओढ्यात किंवा चुलीत नकोत. कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि परतताना घेऊन या.

दोन पिशव्या करा. डिकीतली मोठी, आणि पायाशी एक लहान: चार डायपर, दोन कपड्यांचे जोड, दोन दुपटी, पुसायला ओलं केलेलं सुती फडकं, प्लॅस्टिकच्या पिशव्या, तुमचा एक जादा कुर्ता. तो कुर्ता हमखास विसरला जातो आणि हमखास लागतो. मच्छरदाणी न्याच, घडीची छोटी. कॉइल किंवा धूर बाळाच्या खोलीत नको, आणि अंघोळीनंतरची धुरीही नको. बाळासाठी चुलीपासून लांबची खोली मागून घ्या.

झोपेच्या वेळांपैकी सगळ्या सांभाळायला जाऊ नका. दोनच धरा: सकाळी उठल्यापासून दीड-दोन तासांनी येणारी पहिली डुलकी, आणि रात्री झोपवण्याचा क्रम. घरी जी अंगाई म्हणता तीच, घरचं न धुतलेलं दुपटं खोलीत जवळ. मधल्या झोपा आरत्यांमध्ये इकडे-तिकडे होतील. सासूबाईंना निघायच्या आधीच फोनवर सांगा, “आई, आल्या आल्या अर्धा तास मी तिला खोलीत घेऊन बसेन, मग दिवसभर ती तुमच्याकडे.” स्मिताने हे पुढच्या वर्षी केलं. सासूबाईंनी स्वतः दार लोटून घेतलं आणि बाहेरच्यांना थांबवलं.

सहा तास लंगोट कोरडा राहिला, टाळू खोल दिसली, बाळ प्यायलाच उठेना किंवा अंग तापलं, तर गावात वाट पाहू नका; जवळच्या डॉक्टरांकडे न्या. म्हणून निघण्याआधी गुहागर आणि चिपळूणच्या बालरोगतज्ज्ञांचे नंबर कागदावर लिहून घ्या. गावात रेंज असेलच असं नाही.